दार वाजवू नये

लॉजचा मालक खोल्यांच्या दारावर अडकवायच्या पाट्या छापून घ्यायला प्रेसमध्ये येतो, तेव्हा त्याच्या हातात बहुधा दुसऱ्याच कुठल्यातरी हॉटेलची पाटी असते. पुण्यात नाहीतर नागपुरात मुक्काम झालेला असतो, तिथली उचलून आणलेली. एका बाजूला लाल रंगात ‘डू नॉट डिस्टर्ब’, दुसऱ्या बाजूला हिरव्यात ‘प्लीज मेक अप रूम’. ‘हेच करा, फक्त खाली मराठी टाका,’ एवढीच मागणी. मग मराठी टाकली जाते. लालच्या खाली ‘कृपया त्रास देऊ नका’, हिरव्याच्या खाली ‘कृपया खोली व्यवस्थित करा’. इंग्रजीने जागा आधीच घेतलेली असल्यामुळे मराठी अक्षरे उरलेल्या पट्टीत मुंगीएवढी बसतात आणि मालकही समाधानाने ॲडव्हान्स देऊन जातो. या कामात इतकी वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की चूक भाषांतरात शोधण्याआधी ती पाटी कुणासाठी लिहायची हे ठरवावे. पाटी अडकवणारा पाहुणा असतो, पण ती वाचून काम करणारी किंवा काम टाळणारी व्यक्ती दाराबाहेर बादली घेऊन उभी असते. मजकूर तिच्यासाठी लिहिला की शब्द आपोआप बदलतात, आखूड होतात आणि दोन भाषांना पुरेल एवढी जागाही निघते.

बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलायचे तर हा प्रश्न सर्वांत जास्त शेगावात येतो. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचे हे गाव गजानन महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्यांवर चालते. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी महाराज इथे प्रकटले आणि १९१० च्या ऋषिपंचमीला, ८ सप्टेंबरला त्यांनी समाधी घेतली. प्रकटदिन आणि ऋषिपंचमी या दोन दिवसांच्या आगेमागे गावात पाय ठेवायला जागा नसते. संस्थानच्या भक्त निवासांचा प्रश्न वेगळा. तिथला मुक्काम बहुतेक एका रात्रीचा असतो आणि खोली रिकामी झाल्यावर झाडली जाते, त्यामुळे ‘माझ्या मागे येऊन खोली करा’ असे सांगायची वेळ क्वचितच येते. पाटीची गरज पडते ती स्टेशनच्या आणि मंदिराच्या रस्त्यावरच्या खासगी लॉजमध्ये. तिथे दोन-तीन दिवस राहणारी कुटुंबे असतात आणि मजला सांभाळणारी मावशी किंवा रूम बॉय सकाळी एका टोकापासून दारे वाजवत निघतो. आता पाहुण्यांचे वेळापत्रक पाहा. कुणी रात्रीच्या गाडीने येऊन भल्या पहाटे उतरलेले असते, काकड आरती गाठून, दर्शन घेऊन आठला खोलीवर परतलेले आणि आत्ता कुठे आडवे झालेले असते. नेमके नऊला दार वाजते. शेजारच्या खोलीतले लोक मात्र सकाळीच आनंद विहार भक्त निवासाकडे नातेवाइकांना भेटायला गेलेले असतात आणि परतल्यावर खोली स्वच्छ मिळावी अशी त्यांची अपेक्षा असते. या दोन दारांत फरक करायचे काम त्या पाटीचे.

पाटी नेमके काय सांगते ते आधी पाहू. ‘त्रास देऊ नका’ हे वाक्य व्याकरणात बसते, पण दारावर लागले की ते आरोप होते. मावशी त्रास द्यायला आलेली नसते, ठरलेले काम करायला आलेली असते. तिच्या कामाला त्रास म्हणायचे आणि वर ‘कृपया’ लावायचे, याने वाक्य सौम्य होत नाही. ‘व्यत्यय आणू नये’ हे दुसरे टोक, सभागृहातल्या सूचनेसारखे. शेगावच्या संदर्भात आणखी एक शब्दप्रयोग सुचवला जातो, ‘पाहुणे विश्रांती घेत आहेत’. ऐकायला छान आहे, पण ते खरे असेलच असे नाही. इथे दार बंद ठेवायचे कारण झोप असते तसे पारायणही असते. ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाचे एकवीस अध्याय एका बैठकीत वाचायचे ठरवून कुणी सकाळी बसले की मधे उठायचे नाही, बोलायचे नाही, हा नेम असतो. कुणी बाळाला पाजत असते, कुणाचे अंथरुणाला खिळलेले वडील सोबत असतात, एका खोलीतल्या सहाजणांच्या आंघोळी एकामागून एक चाललेल्या असतात. पाटीने कारण सांगायचे ठरवले तर एक कारण सांगून बाकीची वगळावी लागतात. मावशीला तर कारणाशी कर्तव्यही नसते. तिला एवढेच कळायला हवे की या दारापाशी आल्यावर हात उचलायचा की नाही. म्हणून मी मालकांना ‘दार वाजवू नये’ एवढेच सुचवतो. यात पाहुण्याची अवस्था नाही, मावशीवर ठपका नाही. तिने जी कृती करायची नाही तिचे सरळ नाव आहे.

‘नका’ नको, ‘नये’ हवे, हा आग्रहही मी धरतो आणि त्यावर वाद होतो. मालकांचे म्हणणे असे की ‘वाजवू नका’ बोलल्यासारखे वाटते, ‘नये’ सरकारी वाटते. पण ही पाटी कुणी कुणाला बोललेले वाक्य नाही. ‘नका’ म्हटले की समोर कुणीतरी ‘तुम्ही’ उभा राहतो, मग बोलणारा कोण आणि त्याचा सूर कसा, हे प्रश्न येतात. सूर नरम करायला ‘कृपया’ लागते आणि तीन अक्षरे जातात. ‘नये’ मध्ये समोरचा माणूस येतच नाही. नियम मावशीलाही लागू, मॅनेजरलाही, आणि खालून चहाची किटली घेऊन आलेल्या पोऱ्यालाही. ‘फुले तोडू नयेत’, ‘येथे थुंकू नये’ अशा पाट्या आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत, त्यांचा राग कुणाला येत नाही. त्याचीच जोडी म्हणजे ‘करावी’. ‘खोली साफ करावी’ यात आज्ञा आहे, पण बोट रोखलेले नाही. ‘कृपया’ गाळल्याने उद्धटपणा येतो अशी शंका ज्यांना येते त्यांनी ही दोन वाक्ये मोठ्याने वाचून पाहावीत. आदर क्रियापदातच आला आहे, त्याला वेगळी जागा द्यायला नको.

इथे एक आक्षेप खरोखर वजनदार आहे आणि तो एखादा चौकस मॅनेजर घेतोच. ‘दार वाजवू नये’ म्हटले, पण दार न वाजवता डुप्लिकेट चावीने उघडून आत गेले तर? शब्दशः पाहिले तर पाटीने ते कुठे मना केले आहे? त्यापेक्षा ‘आत येऊ नये’ बरे, एक अक्षर कमीही लागते. याचे उत्तर कुलुपावर अवलंबून आहे. शेगावच्या साध्या लॉजमध्ये खोलीला आतून कडी आणि बाहेरून अल्ड्रॉपला लावायचे कुलूप असते. पाहुणा आत असेल तर आतली कडी लागलेली असते, चावी असली तरी दार उघडत नाही. म्हणजे आत जायचा एकच मार्ग, दार वाजवणे. तो बंद केला की पुढचे सगळे बंद होते. पाहुणा बाहेर गेला असेल तर कुलूप लावून जातो आणि चावी काउंटरला देतो किंवा खिशात ठेवतो. चावी काउंटरला दिलीच नाही तर साफसफाईचा प्रश्नच मिटला. उलट ‘आत येऊ नये’ लिहिले तर मावशी आत येणार नाही, पण दार वाजवून ‘चादर बदलायची का, भाऊ?’ असे विचारायला तिला मोकळीक राहते, आणि झोपलेल्याची झोप मोडते ती नेमकी त्याच ठोक्याने. कार्ड लावून उघडणारी दारे असलेल्या मोठ्या हॉटेलांत मात्र हिशेब उलटतो. तिथे कर्मचाऱ्याकडे मजल्याची सगळी दारे उघडणारे कार्ड असते, त्यामुळे ‘आत येऊ नये’ हा शब्द तिथे जास्त सुरक्षित. म्हणजे पाटीचा मजकूर ठरवण्याआधी दाराचे कुलूप पाहायला हवे, हे विचित्र वाटले तरी खरे आहे.

हिरव्या बाजूची कथा अधिक गमतीची आहे. ‘मेक अप रूम’ हे इंग्रजी हॉटेलांचे रूढ वाक्य आहे. अंथरूण पुन्हा नीट घालून खोली तयार करणे असा त्याचा अर्थ. पण आपल्याकडे मेकअप रूम म्हणजे नाट्यगृहात रंगमंचाच्या मागे असते ती, आरशाभोवती दिवे लावलेली. हे इंग्रजी वाक्य जसेच्या तसे देवनागरीत छापलेल्या पाट्याही असतात. त्या वाचून पाहुण्याने काय समजावे? त्यामुळे या बाजूला मूळ वाक्य पूर्ण सोडून द्यावे आणि आपल्याकडे खोलीचे प्रत्यक्षात काय करतात ते लिहावे. इथे शब्द निवडताना एक अडचण आहे. ‘खोली आवरावी’ हा सुरेख घरगुती शब्द आहे, पण आवरणे म्हणजे पसरलेल्या वस्तू उचलून जागेवर ठेवणे. लॉजमध्ये मावशीने नेमके तेच करायचे नसते. टेबलावर उघडी पोथी असते, खुंटीवर सोवळे वाळत असते, उशीखाली पाकीट असते, प्रसादाची पुडी खिडकीत ठेवलेली असते. त्यातल्या कशालाही हात लागला की पुढे काही हरवल्यावर संशय तिच्यावर येतो. तिचे काम केर काढणे, फरशी पुसणे, बाथरूम धुणे, चादर आणि अभ्रे बदलणे आणि कचऱ्याचा डबा रिकामा करणे एवढे असते. म्हणून ‘खोली साफ करावी’. ‘साफ’ या शब्दात वस्तू हलवण्याचा परवाना नाही. शिवाय तो हिंदीतही तोच आहे, त्याचा फायदा पुढे होतो. ‘झाडून घ्यावी’ असेही कुणी सुचवतात. वऱ्हाडात ते अगदी ओठावरचे आहे, पण त्यात बाथरूम येत नाही आणि तक्रारी तर बाथरूमच्याच जास्त असतात.

आता जागेचा हिशेब. बाजारात मिळणारी पाटी साधारण नऊ सेंटिमीटर रुंद आणि चोवीस-पंचवीस लांब, वर मुठीत अडकवायचे गोल भोक. दोन्हीकडे एकेक सेंटिमीटर मोकळा सोडला की अक्षरांना सात सेंटिमीटर रुंदी उरते. अठ्ठेचाळीस पॉइंटच्या ठसठशीत टाइपात देवनागरीचे एक अक्षर सरासरी एक सेंटिमीटरहून थोडे जास्त जागा घेते, म्हणजे एका ओळीत पाच अक्षरे आणि मधली जागा. ‘दार वाजवू नये’ ही अक्षरे सात आणि ‘खोली साफ करावी’ हीही सातच. दोन्ही वाक्ये दोन ओळींत टाकावी लागतात, आणि ओळ कुठे तोडायची यात सगळी मेख आहे. ‘दार वाजवू’ एका ओळीत आणि ‘नये’ खाली, अशी तोड संगणकावर आपोआप येते, कारण वरची ओळ भरलेली दिसते. पण दूरवरून येणारीची नजर भरलेल्या ओळीवर आधी पडते आणि तिथे ‘दार वाजवू’ असे लिहिलेले असते. इंग्रजीत नकार पहिल्याच दोन शब्दांत येऊन जातो, मराठीत तो वाक्याच्या शेपटाला असतो. पाटीचा खालचा भाग दाराच्या पडद्याने, लटकवलेल्या ओल्या टॉवेलने किंवा मळाने झाकला गेला तर मराठी वाक्यातला नकारच जातो. म्हणून ‘दार’ एकटे वरच्या ओळीत आणि ‘वाजवू नये’ एकत्र खालच्या ओळीत, अशीच तोड हवी. ‘खोली’ वर, ‘साफ करावी’ खाली. दोन्ही वाक्ये दोन आणि पाच अक्षरांत तुटतात आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. ‘कृपया त्रास देऊ नका’ ची अक्षरे नऊ. ती याच आकारात घालायची तर तीन ओळी होतात, नाहीतर टाइप निम्मा करावा लागतो.

पण नऊ सेंटिमीटर रुंदीची सक्ती तरी का? ती आली आहे गोल मुठीमुळे. आपल्या लॉजच्या दारांना अनेकदा गोल मूठ नसतेच. दहा-बारा इंची लोखंडी अल्ड्रॉप असतो, त्याच्या कडीला पाटीचे गोल भोक एकतर अडकत नाही किंवा अडकले तर वाकून फाटते. अशा दारासाठी वरचे मोठे भोक काढून टाकावे, दोन छोट्या भोकांतून नायलॉनची दोरी ओवावी आणि पाटी आडवी करावी, पंधरा सेंटिमीटर रुंद आणि दहा उंच. अल्ड्रॉपची कडी दाराच्या कडेपासून पुरेशी आत असते, त्यामुळे एवढी रुंद पाटी चौकटीला घासत नाही. मग तेरा सेंटिमीटरच्या ओळीत ‘दार वाजवू नये’ अखंड बसते, तेही साठ पॉइंटच्या आसपास, आणि नकार तुटण्याचा धोका संपतो. तीन-चार दारे अलीकडून, तिरप्या नजरेने ते वाचता येते. मावशी नेमकी तशीच पाहते, कारण ती दारासमोर उभी राहून पाटी वाचत नाही, पोछा मारत पुढे सरकताना वाचते. खाली अडीच-तीन सेंटिमीटर जागा उरते, ती दुसऱ्या भाषेची.

दुसरी भाषा कोणती, याचे उत्तर जिल्ह्यात एक नाही. शेगावला मराठीखालोखाल हिंदी बोलणारे पाहुणे येतात, मध्य प्रदेशची हद्द जिल्ह्याला लागूनच आहे आणि बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूरकडचे भाविक नेहमीचे. तिथे इंग्रजी ओळीचा उपयोग फारसा कुणाला होत नाही. लोणारला उलट. उल्केच्या आघाताने झालेले ते सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर पाहायला भूशास्त्राचे अभ्यासक आणि परदेशी प्रवासी येतात, आणि २०२० मध्ये सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाल्यावर त्याचे नाव आणखी दूर गेले. तिथे मराठी आणि इंग्रजी ही जोडी हवी. इंग्रजीतले ‘डू नॉट डिस्टर्ब’ तिथे रोमन लिपीत तसेच ठेवावे, कारण जगभर फिरणारा माणूस ते शब्द वाचतही नाही, चित्रासारखे ओळखतो. ‘मेक अप’ मात्र तिथेही काढून ‘प्लीज क्लीन द रूम’ करावे. शेगावच्या जोडीत अडचण वेगळी आहे. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत, त्यामुळे एका आकारात एकाखाली एक छापल्या तर चार ओळींचा एकच परिच्छेद वाटतो आणि मराठी कुठे संपली ते कळत नाही. म्हणून हिंदी ओळ निम्म्या आकारात, मधे एक आडवी रेघ, आणि शब्दही आखूड. ‘दरवाजा न खटखटाएँ’ ही लांबलचक माळ होते, ‘दस्तक न दें’ पाच अक्षरांत काम करते. ‘कमरा साफ करें’ तर मराठी ओळ वाचलेल्याला न वाचताही समजते. यावर कुणी म्हणेल, मराठी माणसाला हिंदी समजतेच, मग हिंदीच मोठी का नको, पाहुणा तर पैसे देणारा. पाहुणा पाटी हातात धरून, वाटेल तितका वेळ घेऊन वाचतो. त्याला फक्त कोणती पाटी बाहेर लावायची ते ठरवायचे असते, त्यासाठी छोटी अक्षरे पुरतात. मजल्यावरची बाई शेगाव-खामगाव-जळंबच्या आसपासच्या खेड्यातली असते, शिकली असेल ती मराठी शाळेत, आणि तिला दुरून एका नजरेत वाचायचे असते. मोठी अक्षरे तिच्या भाषेत हवीत, याला अभिमानाचे कारण शोधायला नको. मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत हा दुकाने व आस्थापनांच्या कायद्यातला नियम नामफलकापुरता आहे, खोलीच्या दारावरच्या पाटीला तो लागू होत नाही. तिथे नियमाच्या आधाराशिवायच मराठी मोठी ठरते.

एका पाटीच्या दोन बाजूंना दोन उलटे निरोप, ही पद्धत मला मान्य नाही. कडीला लटकलेली पाटी कूलरच्या झोताने, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या धक्क्याने किंवा पॅसेजमध्ये खेळणाऱ्या पोरांच्या हाताने सहज उलटते. दोरीवरची तर आणखी सहज. पारायणाला बसलेल्या माणसाच्या दारावर मग ‘खोली साफ करावी’ असे लागलेले असते आणि मावशी बिनदिक्कत दार वाजवते. चूक कुणाचीच नसते. रंगही तिला वाचवत नाही, कारण रंगही बरोबरच उलटतो. म्हणून दोन वेगळ्या पाट्या कराव्यात, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना तोच मजकूर, त्याच दोन भाषांत. एक लाल, एक हिरवी. खर्च वाढतो, हे खरे. मालक हमखास विचारतो की एका बाजूला मराठी आणि दुसरीला हिंदी छापली तर नाही का चालणार. नाही चालणार, कारण उलटल्यावर निरोप तोच राहिला तरी मोठी मराठी अक्षरे दाराकडे तोंड करून बसतात. वीस-पंचवीस खोल्यांच्या लॉजला एकदाच करायचा खर्च आहे, आणि पीव्हीसीच्या पाट्या केल्या तर ओल्या फडक्याने पुसून वर्षानुवर्षे चालतात. लॅमिनेशन केलेला जाड कागद उन्हाळ्यात कडेने सुटतो आणि वळतो.

शब्दांची एवढी मारामारी कशाला, लाल-हिरवा रंग आणि झोपलेल्या चंद्राचे चित्र पुरेसे आहे, असे म्हणणारेही आहेत. रंग जरूर हवा, चित्रही असू द्या. पण लाल म्हणजे थांबा हे ठरवून झाले तरी काय थांबवायचे ते रंग सांगत नाही. नव्याने कामाला लागलेला पोरगा लाल पाटी पाहून खोली रिकामी करायची राहिली असेही समजू शकतो. अक्षर त्याचा संशय मिटवते. जी वाचू शकत नाही तिच्यासाठी रंग, जो वाचू शकतो त्याच्यासाठी शब्द, दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात.

पाटीची एक मर्यादा मात्र मालकाने मान्य करायला हवी. पाटी म्हणजे वचन असते आणि वचनाला मुदत लागते. १ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेत लास व्हेगासच्या हॉटेलातल्या खोलीतून गोळीबार झाला, त्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकेतल्याच डिस्नेच्या काही हॉटेलांनी ‘डू नॉट डिस्टर्ब’ ऐवजी ‘खोलीत वस्ती आहे’ अशा अर्थाच्या पाट्या आणल्या, म्हणजे गरज पडली तर कर्मचारी दार वाजवून आत येऊ शकतील. शेगावात भीती गोळीबाराची नाही. इथे खोलीत एकटे उतरलेले वयस्कर भाविक असतात, उपासाच्या आणि पायी वारीच्या थकव्याने त्यांची तब्येत बिघडू शकते, आणि लाल पाटी संध्याकाळपर्यंत तशीच लटकत राहिली तर मजल्यावरच्या कुणाला दार वाजवायचा अधिकार आहे हे ठरलेले नसते. पाटीचे शब्द बदलून हे सुटत नाही. ‘दुपारी दोननंतर’ वगैरे पाटीवर घालायला गेलात तर सगळी मेहनत वाया जाते, अक्षरे पुन्हा मुंगीएवढी होतात. हा नियम आत, दराच्या तक्त्याशेजारी लावायचा: लाल पाटी असल्यास दुपारी एकदा इंटरकॉमवर विचारपूस होईल, उत्तर न आल्यास मॅनेजर स्वतः येऊन दार वाजवतील, आणि चेकआउटची वेळ पाटीमुळे पुढे जाणार नाही. इंटरकॉम नसलेल्या लॉजमध्ये दाराखालून चिठ्ठी सरकवायची. मावशीने एवढेच करायचे, की लाल पाटीच्या खोल्यांचे नंबर काम संपल्यावर काउंटरला सांगायचे. हे न ठरवता नुसत्या पाट्या छापून आणल्या तर प्रकटदिनाच्या गर्दीत, खोलीसाठी खाली रांग लागलेली असताना, मॅनेजरच पहिला पाटी बाजूला करून दार वाजवतो, आणि तिथून पुढे त्या पाटीला मजल्यावर कुणी विचारत नाही.

छपाईत एकदोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतात. मजकूर व्हॉट्सॲपवरून युनिकोडमध्ये येतो आणि प्रेसमधल्या जुन्या कोरलमध्ये तो जुन्या फाँटात टाकताना मात्रा आणि वेलांट्या सरकतात. ‘वाजवू’ चा उकार तुटून खालच्या ओळीवर बसतो. काही स्वस्त फाँटांत ‘ख’ चे दोन भाग इतके सुटे असतात की ‘खोली’ ची ‘रवोली’ होते. साठ पॉइंटला हे दोष लपत नाहीत, उलट पाटीभर पसरतात. म्हणून मजकूर फोनवर वाचून पक्का करू नका, खऱ्या आकारात कागदावर छापून मागा. तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवा, दोरी ओवा, एका खोलीच्या अल्ड्रॉपला अडकवा आणि पॅसेजचा नेहमीचाच दिवा चालू ठेवा. मग मजल्यावर काम करणाऱ्या मावशींना चार दारे अलीकडे उभे करून विचारा, इथे काय करायचे. त्यांनी न अडखळता सांगितले तरच ऑर्डर द्या.